ओपन की क्लोज?

पालघर जिल्ह्यातली थंडी पडते ती जव्हार-मोखाड्याला. आम्हां बोईसरकरांकडे तिची नुसती बातमी येते. तरीही माझ्याकडे एक जॅकेट आहे आणि त्याला कारण पहिली पाळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढून तारापूर एमआयडीसीचा रस्ता धरला, की छातीवर वारा असा काही बसतो की जव्हारकरांबद्दल बंधुभाव दाटून येतो. जॅकेट निळं आहे, आत पातळ भरण, बाहेर गुळगुळीत सिंथेटिक कापड आणि खालपासून गळ्यापर्यंत चेन. ते मेव्हण्यानं दिलेलं आहे. त्यामुळे ते टाकून देणं हा आमच्या घरात कपड्यांचा नव्हे, माहेरचा प्रश्न होतो.

गेल्या हिवाळ्यात या चेननं नवंच तंत्र सुरू केलं. रनर ओढला की निमूटपणे वर जायचा, गळ्यापाशी पोचायचा, आणि तो तिथे पोचतो न पोचतो तोच पोटापाशी चेन आपोआप फाकायला लागायची. वर बंद, खाली बंद, मधोमध खिडकी. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन मला रोज सलाम करतो. हल्ली तो सलाम करताना त्या खिडकीकडे बघायला लागला होता.

आता मी पडलो क्वालिटी कंट्रोलचा माणूस. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांचा माल परत पाठवणं हा माझा रोजगार. बायको म्हणाली, "अहो, टेलरकडे टाका की." मी म्हणालो, "एवढ्याशा चेनसाठी टेलर?" आमच्या संसारातली बहुतेक मोठी बिलं याच वाक्यानं सुरू झालेली आहेत.

खरं म्हणजे चेनला काहीही झालेलं नव्हतं. रनर दोन्ही बाजूंचे दात पुढच्या दोन तोंडांतून आत घेतो आणि मागच्या एका तोंडातून बाहेर सोडताना त्यांना दाबून एकमेकांत अडकवतो. वर्षानुवर्षं घासून हे मागचं तोंड केसभर फाकतं. दात तेच, पट्टी तीच, पण दाबायलाच कोणी नाही. म्हणून चेन बंद होते आणि रनरच्या मागे उघडत जाते. हे लक्षण दिसलं की दोष रनरचा, हे बोईसर स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक असतं. एखादा दात तुटला असेल, तर मात्र चेन त्याच ठिकाणी अडखळते किंवा तिथूनच फुटते. माझ्या चेनचा एकही दात पडलेला नव्हता. तेवढं वैभव आमच्या घरात फक्त तिच्याकडेच होतं.

यावर उपाय म्हणजे रनरच्या मागच्या दोन कडा पक्कडीनं हलकेच दाबायच्या. आधी एक बाजू, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी चेन लावून बघायची. मी पक्कड घेतली, आणि नट आवळायची सवय असलेल्या हातानं ती दाबली. बरेचसे रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ओतीव जस्त थोडं वाकतं आणि मग वाकायचं नाकारतं. कट् असा बारीक आवाज आला आणि रनरचे दोन भाग झाले.

तरीही अजून काही बिघडलं नव्हतं, कारण रनर सुटा मिळतो. पण तुटलेला रनर काढताना मी चेनचं खालचं टोक धरून ओढलं. तिथे पट्टीवर प्लॅस्टिकचा कडक पापुद्रा असतो आणि त्याला ती पिन असते, जी आपण दुसऱ्या बाजूच्या डबीत घालतो. तो पापुद्रा विरलेला होताच. पिन पट्टीसकट माझ्या हातात आली. आता रनर मिळून उपयोग नव्हता. पिन गेली की पूर्ण चेन बदलायची, इथे शहाण्यालाही दुसरा मार्ग नाही. माझा पहिलाही मीच बंद केला होता.

बोईसरच्या टेलरांकडे मी गेलो नाही असं नाही. एकानं जॅकेट हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. "नवीन शिवणं परवडतं साहेब, जुनं उसवणं नाही परवडत." दुसऱ्यानं दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. तेव्हा जानेवारी चालू होता. ज्या गावाच्या पलीकडे सियाराम आणि डी'डेकोरसारख्यांचे कापडाचे कारखाने आहेत, तिथे एका माणसाच्या छातीवर दोन पट्ट्या शिवायला कोणी मिळू नये, याचं मला वाईट वाटलं. आईचं पायमशीन घरात होतं. आईच्या हाती ते सुरेल चालायचं. म्हणजे मशीन चांगलं आहे, असा मी निष्कर्ष काढला.

आधी मोजमाप. मी वर्निअर कॅलिपर काढलं. मिटलेल्या दातांची रुंदी भरली पाच पूर्णांक आठ मिलिमीटर. लांबी मोजायला जॅकेट अंगात घातलं, कारण वापरात असताना मापं घ्यावीत असं आमच्याकडे शिकवतात. बायकोनं टेप धरला. खालच्या काठापासून, माझ्या पोटाच्या वळणावरून, गळ्याच्या टोकापर्यंत 28 इंच. मी आकडा वहीत लिहिला आणि दुकानात गेलो.

"सहा नंबरची चेन द्या," मी म्हणालो.

दुकानदारानं काउंटरवर माझ्या हातातला तुटका रनर पालथा केला. मागे बारीक पाचचा आकडा होता. "पाच आहे ही. जॅकेटला पाच, नाहीतर आठ." नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी, पण साधारणच. तो रनरच्या पाठीवर लिहिलेला असतो आणि वाचायला वर्निअर लागत नाही. पाच नंबरच्या दातांवर आठचा रनर नुसता वाहतो, आणि आठच्या दातांवर पाचचा चढतच नाही. शिवाय प्लॅस्टिकचे ठोकळ दात, नायलॉनची वेटोळी आणि पितळी दात यांचे रनरही वेगवेगळे, नंबर एक असला तरी. मग त्यानं विचारलं, "ओपन की क्लोज?"

मला प्रश्नच कळला नाही. "दोन्ही," मी म्हणालो. "उघडलीही पाहिजे आणि बंदही झाली पाहिजे."

मागे उभ्या असलेल्या एक बाई हसल्या. दुकानदार हसला नाही, त्यानं फक्त श्वास सोडला. "बोला ना, ओपन की क्लोज?"

"क्लोज," मी म्हणालो. "थंडीसाठी आहे."

एकेका वाक्यात माणूस किती अज्ञान मावेल तेवढं भरतो. क्लोज म्हणजे जिचं खालचं टोक कायमचं जोडलेलं असतं ती चेन. पँटची, बॅगची, उशीच्या अभ्र्याची, बायकांच्या कुर्त्याच्या पाठीची. ओपन म्हणजे जी पूर्ण सुटून दोन वेगळ्या पट्ट्या होते ती, आणि जॅकेटला तीच लागते. मी क्लोज घेऊन घरी आलो, रविवारची दुपार घालवून दोन्ही बाजूंनी टीप मारली, रनर खाली ओढला आणि जॅकेट अंगात घालायला गेलो. रनर तळाशी जाऊन थांबला. जॅकेट तिथून खाली उघडेना.

"आता हे डोक्यातून घालायचं का?" बायकोनं विचारलं.

जॅकेटचा कुर्ता झाला होता. मी तो डोक्यातून घालूनही बघितला. चष्मा आत राहिला.

उसवताना माणसाला इतिहास सुचतो. चेनची मूळ कल्पना अमेरिकेतल्या व्हिटकॉम जडसन यांची. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी आपला आकडे-डोळ्यांचा बंध मांडला होता. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, म्हणजे एकाच शहरात एकाच वर्षी माणसांना जोडण्याचे दोन प्रयोग झाले. जडसन यांचा बंध ऐन वेळी सुटायचा. आज आपण वापरतो तसे एकमेकांत बसणारे दात गिडिऑन संडबॅक या स्वीडिश इंजिनिअरनं बनवले आणि त्याचं पेटंट 1917 साली मिळालं. म्हणजे हुशार माणसांनाही ही वस्तू नीट चालायला लावण्यात वीसेक वर्षं गेली. मला यातून बराच धीर आला. त्याचा उपयोग काही झाला नाही.

पुन्हा दुकानात गेलो. "ओपन," मी शिरताशिरताच म्हणालो. 28 इंची पाच नंबरची ओपन चेन मिळाली. घरी येऊन जॅकेटला लावून बघितली, तर ती काठापेक्षा दोन बोटं लांब. कारण 28 हा आकडा जॅकेटचा नव्हताच. तो माझ्या पोटाचा होता. जॅकेट टेबलावर पसरलं की वळण जातं आणि पोटही जातं.

लांब चेन आखूड करता येते. सगळेच करतात. मी कात्री घेतली आणि जादा दोन बोटं कापून टाकली. खालून.

ज्यांच्या लक्षात आलं, ते आता कपाळाला हात लावून बसले असतील. ज्यांच्या लक्षात आलं नाही, ते माझे आहेत. ओपन चेनचा सगळा जीव खालच्या टोकाला असतो. डबी तिथे, पिन तिथे. त्या टोकाला हात लावायचा नाही. आखूड करायची ती वरून. हवी तिथे खूण करून त्याच्या वरचे दात पक्कडीनं एकेक उपटायचे, पट्टी इंचभर जास्त ठेवून कापायची, आणि रनर वरून निसटून जाऊ नये म्हणून शेवटच्या दातापाशी दोन्ही बाजूंना आडवे टाके भरायचे किंवा धातूचा अडसर दाबून बसवायचा. जादा पट्टी दुमडून गळ्यात जाते. क्लोज चेनचं याच्या उलट. ती खालून कापली तरी चालते, फक्त कापायच्या आधी दातांवर चारपाच घट्ट टाके घालून नवा तळ करायचा. म्हणजे पहिल्या चेनला जे चाललं असतं, ते मी दुसरीवर केलं.

तिसरी चेन आणली ती 26 इंची. तिच्याबद्दल मला विश्वास होता, कारण आता मी उसवलेल्या जॅकेटचा काठ टेबलावर ठेवून मोजला होता. तो भरला होता 26 आणि वर पाऊण इंच. पाऊण इंचासाठी कोण एवढं करतं, असं म्हणून मी शिवायला बसलो. कारखान्यात असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याचा ट्रक परत पाठवला असता.

डावी बाजू मी खालून वर शिवली. उजवी बाजू मात्र वरून खाली आणावी लागली, कारण आईच्या मशीनचं फूट रुंद होतं. खालून वर न्यायचं तर ते दातांवर चढायचं, आणि एका अंगाचं सुटं फूट घरात कुठे आहे ते आईनं कोणाला सांगितलं नव्हतं. शिवण पूर्ण झाली. जॅकेट उचललं. दोन्ही बाजूंनी चुण्या पडल्या होत्या. डावीकडचं कापड चेनच्या कडेनं गोळा होऊन पापडासारखं फुगलं होतं. उजवीकडे उलट, कापड सपाट आणि चेनच्या लाटा. चेन लावली तर डावी कॉलर उजवीपेक्षा चांगली बोटभर खाली. आरशात बघितलं तर मी एका बाजूला कललेला दिसत होतो. खांदे सरळ केले तर जॅकेट कललं.

असं घालून मी कामावर गेलो, कारण थंडी होती. वॉचमननं सलाम केला आणि मानही थोडी वाकडी केली.

शेवटी पालघर गाठलं. कामाचं निमित्त कलेक्टर कचेरीतल्या कागदांचं होतं, पण पिशवीत जॅकेट होतं. उमरोळी गेली, पालघर आलं. स्टेशनपासून जरा आत एका इमारतीच्या जिन्याखाली एक वयस्क मास्तर बसतात. बोर्डवर फक्त "अल्टर" लिहिलेलं. त्यांनी जॅकेट घेतलं, मांडीवर पालथं घातलं, चुण्यांवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"जुनी चेन कुठाय?"

इथे आयुष्यात पहिल्यांदा माझा धंदा उपयोगी पडला. आमच्याकडे नमुना फेकत नाहीत. तुटलेल्या रनरसकट जुनी चेन मी पिशवीत घातली होती, तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. चेन मात्र त्यांनी लाकडी फळीवर मिटून सरळ पसरली आणि टेप लावला. डबीच्या तळापासून शेवटच्या दातापर्यंत बरोबर 26 इंच. पट्टीची वरची शेपटी त्यात धरली नाही.

"चेन बरोबर आणलीये की," ते म्हणाले.

"पण काठ पावणेसत्तावीस आहे, मास्तर."

"काठ मोजलात कशाला?"

मला उत्तर नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. कापड ताणतं, चेनची पट्टी ताणत नाही. नव्या जॅकेटच्या कारखान्यात काठाला 26 इंचांत धरून शिवलेलं असतं, आणि चेन आहे तोवर तो 26 राहतो. आपण चेन उसवली की तो मोकळा होतो, आणि इतकी वर्षं खिशात हात घालून खाली ओढलेलं कापड आपली खरी लांबी दाखवतं. उसवताना आपण खेचतो, त्यात आणखी भर पडते. म्हणून माप जुन्या चेनचं घ्यायचं, काठाचं नाही, आणि तेही अंगात घालून तर नाहीच. "पोट कोण मोजतं साहेब," मास्तर म्हणाले. मी त्यांना त्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

मग त्यांनी एक गंमत केली. चुण्यांमधल्या एका ठिकाणी ब्लेडच्या टोकानं टीपेचा एकच धागा तोडला. तिथली बारीक सुरकुती लगेच सैल झाली, पण तिच्या आजूबाजूची मोठी लाट तशीच राहिली. "बघा, दोन रोग आहेत," ते म्हणाले. टीपेला चिकटून एकसारख्या बारीक सुरकुत्या दिसतात त्या दोऱ्याच्या ताणाच्या. वरचा दोरा घट्ट, टाके बारीक, आणि कापड पातळ, गुळगुळीत. मशीन प्रत्येक टाक्याला ते थोडंथोडं आवळत जातं. धागा तोडला की त्या सुटतात. मोठ्या लाटा मात्र लांबी न जुळल्याच्या. त्यांना धागा तोडून काही फरक पडत नाही, सगळं उसवावं लागतं.

या लाटा डावीकडे कापडाला आणि उजवीकडे चेनला का आल्या, हेही त्यांनी मशीनवर दाखवलं. मशीनचे खालचे दाते फक्त खालच्या थराला पुढे ढकलतात. वरच्या थराला फूट दाबून धरतं, म्हणून तो मागे रेंगाळतो. डावीकडे माझं कापड खाली होतं, ते भराभर आत गेलं आणि चेन मागे राहिली. उजवीकडे उलट दिशेनं शिवताना चेन खाली गेली. एकाच जॅकेटच्या दोन बाजूंना मी दोन विरुद्ध नियम लावले होते. त्यामुळे कॉलर वरखाली झाली ती नशिबानं नव्हे, हिशेबानं झाली होती.

मास्तरांचं काम मी बाकड्यावर बसून बघितलं. सगळं उसवून झाल्यावर त्यांनी काठावर ओलं फडकं ठेवलं आणि कोमट इस्त्री फिरवली. दाबली, उचलली, दाबली, उचलली, ओढली नाही. सिंथेटिक कापडाला गरम इस्त्री थेट लावली की ते चकाकतं आणि मग वितळतं, म्हणून फडकं. पाऊण इंचातलं थोडं तिथेच आत आलं, पण सगळं नाही. मग जुनी आणि नवी चेन शेजारीशेजारी, दोन्ही मिटलेल्या, ठेवून खडूनं नव्या चेनवर आडव्या रेघा मारल्या, दोन्ही पट्ट्यांवरून एका ओघात. तळ, खिशाचं तोंड, छातीवरची शिवण, कॉलरचा जोड, वरचं टोक. जुन्या चेनवर या शिवणींच्या खुणा अजून दिसत होत्या. दोऱ्याची भोकं होती, रंग फिकटलेला होता. त्याच पाच खुणा जॅकेटच्या दोन्ही काठांवर.

"आता बघा," ते म्हणाले, "पाऊण इंच म्हणजे सहा सूत. इस्त्रीनं दोन सूत गेलं, राहिलं चार. खुणा पाच, म्हणजे मधल्या जागा चार. एकेका जागेत एकेक सूत. एक सूत कुणाला दिसतं?"

मी कारखान्यात सूत हे माप कधी वापरलेलं नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या हातून सहाही सूतं एकाच जागी, कॉलरखाली, जाऊन बसली होती. त्यांनी उरलेली चार, चार जागांत वाटली. खूण खुणेला लावून आधी प्रत्येक जागी एक टाका, मग मधलं कापड बोटानं पसरवत लांब धावदोरा. धावदोरा घातल्यावर मशीनच्या दात्यांना कोणाला पुढे ढकलायला वावच राहिला नाही. रनर वर ओढला, चेन लावून बघितली. खिसे समोरासमोर, कॉलर समोरासमोर. मशीनची टीप अजून पडलेलीच नव्हती आणि निकाल लागून गेला होता.

टीप मारायला त्यांनी एका अंगाचं फूट लावलं. ते सुईच्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकवता येतं. म्हणून दोन्ही बाजू खालून वर, एकाच दिशेनं शिवता आल्या. टाका मोठा केला, इंचाला आठेक. वरच्या दोऱ्याचा ताण अर्धा फेरा सैल केला. आणि टीप दातांना अगदी चिकटवली नाही, जरा अंतर ठेवलं. मी बाकड्यावरून शंका काढली, की जवळून मारली तर जास्त मजबूत नाही का होणार? "मजबूत होईल," मास्तर म्हणाले, "रनरला जायला जागा राहणार नाही. अस्तरही त्यात अडकेल." माझ्या शिवणीत रनर मधेच का अडकायचा, ते मी मग विचारलं नाही.

अर्ध्या तासाच्या आत जॅकेट हातात आलं. लाटा नाहीत, सुरकुत्या नाहीत. अगदी खिडकीपाशी तिरकं धरून बघितलं, तर टीपेच्या बाजूनं माझ्या जुन्या टाक्यांची बारीक भोकं ओळीनं दिसतात. गुळगुळीत सिंथेटिक कापडावर सुईची भोकं भरून येत नाहीत. सुती कापड असतं, तर पाण्यानं आणि नखानं घासून बरीचशी गेली असती. एवढ्या गोष्टीवर मास्तरांचाही उपाय नव्हता. "ती राहणार," ते म्हणाले. त्यांनी पैसे जेवढे घेतले, तेवढ्यात माझ्या तीन चेनही आल्या नसत्या.

परतीच्या डहाणू लोकलमध्ये मी जॅकेट घालून बसलो. दुपारचे तीन वाजले होते आणि डब्यात सगळे घामाघूम होते. समोरच्या माणसानं मला ताप आहे का, असं विचारलं.

आता घरात थोडा माल पडून आहे. एक 28 इंची, पाच नंबरची, काळी, क्लोज चेन, एकदाच शिवलेली आणि एकदाच उसवलेली. लांब पिशवीला किंवा गादीच्या खोळीला चालेल. दुसरी ओपन आहे, पण तळ कापलेला असल्यामुळे ती फक्त ओपनच राहते. तिचा रनर मात्र उत्तम आहे, प्लॅस्टिकच्या ठोकळ दातांचा. बोईसर, तारापूर, चिंचणी किंवा पालघर भागात कोणाला हवा असेल, तर पहिली पाळी सुटल्यावर घरी या आणि घेऊन जा. येताना तुमच्या जुन्या रनरच्या पाठीवरचा आकडा बघून या. पाच असेल तरच या.